गार पाणी थांबले तर : उष्मादायी रिअॅक्टरचे तापमान-नियंत्रण कुठून आखायला सुरुवात करावी

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्यांना शेल मोल्डिंगसाठी जी राळ लागते, ती फिनॉल आणि फॉरमॅल्डिहाइड यांच्यापासून बनते. अशी राळ बनवणाऱ्या केटलवर, म्हणजे रिअॅक्टरवर, नव्याने रुजू होणाऱ्या इन्स्ट्रुमेंटेशन किंवा प्रोसेस विभागातील मुलांना पहिल्या दिवसापासून कंट्रोलरचे ट्यूनिंग शिकवले जाते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी असल्यामुळे, गार पाणी बंद पडल्यावर केटलमध्ये काय होईल या प्रश्नाचे उत्तर आधी काढावे लागते, आणि कोणता व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला निकामी व्हावा, फीड किती वेगाने द्यावे, कुठले इंटरलॉक हवेत हे सारे त्या उत्तरातून ठरते. ट्यूनिंग त्यानंतर येते. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

पहिली पायरी : धोका नेमका कुठून येतो ते समजून घेणे

तापमान साधारण 10 अंशांनी वाढले की बहुतेक अभिक्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो, आणि त्याबरोबर उष्णता निर्माण होण्याचा वेगही दुप्पट होतो. केटलभोवतीच्या गार पाण्याच्या जॅकेटमधून निघून जाणारी उष्णता मात्र केटल आणि जॅकेट यांच्या तापमानांतील फरकाच्या सरळ प्रमाणात वाढते. केटल 85 अंशांवर आणि जॅकेट 55 अंशांवर असताना हा फरक 30 अंशांचा असतो. केटल 95 अंशांवर गेली तर फरक 40 अंशांचा होतो, म्हणजे निघून जाणारी उष्णता एक तृतीयांशाने वाढते, तर निर्माण होणारी उष्णता दुप्पट होते. एका मर्यादेपलीकडे जॅकेट अभिक्रियेला गाठूच शकत नाही, आणि त्यानंतर कंट्रोलरने पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही उपयोग होत नाही. यालाच रनअवे म्हणतात.

मात्र रनअवे व्हायला केटलमध्ये जळण शिल्लक असावे लागते. येथे जळण म्हणजे अजून अभिक्रिया न झालेला कच्चा माल. या लेखात त्याला ‘साठा’ म्हटले आहे, कारण पुढील सगळा हिशेब त्याच्याभोवती फिरतो.

दुसरी पायरी : एका केटलचा हिशेब

पुढील आकडे समजावण्यासाठी सोपे करून घेतले आहेत. आपल्या रेसिपीचे आकडे रिअॅक्शन कॅलरीमीटरवर मोजून घ्यावे लागतात, आणि त्याला पर्याय नाही. समजा, बॅच संपताना केटलमध्ये 4,000 किलो माल असतो, त्यातून प्रत्येक किलोमागे एकूण 300 किलोज्यूल उष्णता निघते, आणि मालाची विशिष्ट उष्णता किलोमागे अंशाला 3 किलोज्यूल आहे. 300 ला 3 ने भागल्यास 100 अंश मिळतात. म्हणजे उष्णता बाहेर जाऊच दिली नाही आणि सगळी अभिक्रिया एकदम झाली, तर माल 100 अंशांनी तापेल. 85 अंशांवर सगळा माल एकाच वेळी केटलमध्ये असताना पाणी बंद पडले, तर कागदावर आकडा 185 येतो. प्रत्यक्षात माल 100 अंशांच्या आसपास उकळू लागतो, फेसाळतो, वाफेबरोबर वर चढतो आणि दाब वाढतो.

अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस येथे 1997 च्या सप्टेंबरमध्ये फिनॉलिक राळेच्या केटलचा स्फोट होऊन एक कामगार दगावला. तेथे कच्चा माल आणि कॅटॅलिस्ट एकदमच भरले गेले होते, असे त्या देशाच्या पर्यावरण संस्थेने नोंदवले आहे.

म्हणून फिनॉल आणि कॅटॅलिस्ट आधी केटलमध्ये घेऊन फॉरमॅलिन, म्हणजे पाण्यात विरघळलेले फॉरमॅल्डिहाइड, हळूहळू, समजा तीन तासांत, सोडले जाते. अभिक्रिया पुरेशी जलद असेल तर जितके फॉरमॅलिन आत जाते तितके जवळपास लगेच संपते आणि साठा लहान राहतो. पाणी बंद पडले आणि त्याच क्षणी फीडही थांबले, तर केटल किती वर जाईल याचा हिशेब असा :

```
MTSR = Tp + Xacc × ΔTad
```

येथे MTSR म्हणजे केटल जास्तीत जास्त जिथवर जाईल ते तापमान, Tp म्हणजे चालू तापमान, Xacc म्हणजे साठ्याचे प्रमाण आणि ΔTad म्हणजे वर काढलेले 100 अंश. साठा 10 टक्के असेल तर 85 मध्ये 10 मिळवून 95 येतात, आणि माल उकळण्याच्या आतच थांबतो. बॅच अर्ध्यावर असताना केटलमध्ये माल कमी असतो, त्यामुळे तेवढाच साठा थोडा जास्त चढ देतो. प्रत्यक्ष हिशेबात ही दुरुस्ती करून घ्यावी. हा ‘कूलिंग फेल्युअर’चा विचार गायगॅक्स आणि स्टोसेल या दोघांच्या कामातून रूढ झाला. स्टोसेल यांनी तर चालू तापमान, हा वरचा आकडा, उकळबिंदू आणि मालाचे विघटन सुरू होण्याची पातळी यांच्या क्रमावरून प्रक्रियांचे पाच वर्ग पाडले. नवख्याने या वर्गांची नावे पाठ करण्याची घाई करू नये. आपला 95 हा आकडा 100 च्या खाली आहे की वर, एवढे कळले तरी पुरेसे आहे.

तिसरी पायरी : थंड केटल सुरक्षित असते हा समज सोडणे

या विषयात माणूस सर्वांत जास्त येथेच फसतो. ‘टेंपरेचर खाली हाय म्हणजे बरंच की,’ असे शिफ्टवर सहज म्हटले जाते, आणि नव्या माणसालाही ते पटते. आता हिशेब पाहा. केटल 70 अंशांवर घसरली तर अभिक्रियेचा वेग जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो, पण फॉरमॅलिन पूर्वीच्याच वेगाने पडत राहते. साठा 10 टक्क्यांवरून समजा 40 टक्क्यांवर जातो. पाणी बंद पडल्यास पोहोचण्याचे तापमान मग 70 अधिक 40, म्हणजे 110 होते. 85 अंशांवर जी केटल उकळण्याच्या आत थांबणार होती, ती 70 अंशांवर उकळून बाहेर येणार.

आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ही स्थिती सहज ओढवते. कूलिंग टॉवरचे पाणी उन्हाळ्यापेक्षा बरेच गार असते, फॉरमॅलिनही गार असते, आणि उन्हाळ्यात बसवलेली कंट्रोलरची सेटिंग थंडीत गरजेपेक्षा जास्त उष्णता ओढून नेते. नंतर तापमान वर आणण्यासाठी कोणी वाफ सोडली की साचलेला सगळा माल एकदम पेटतो.

म्हणून फीडच्या इंटरलॉकला वरच्या मर्यादेबरोबर खालची मर्यादाही लागते. आपल्या उदाहरणात 80 अंशांच्या खाली फॉरमॅलिनचा व्हॉल्व्ह उघडू नये आणि उघडा असेल तर बंद व्हावा, तसेच 90 अंशांच्या वरही बंद व्हावा, अशी खिडकी ठेवता येईल. अनेक जुन्या पॅनेलवर फक्त वरची मर्यादा असते. नव्या माणसाने कामाच्या पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट तपासून घ्यावी.

चौथी पायरी : पाणी किती प्रकारे बंद पडू शकते

‘कूलिंग बंद’ ही एकच घटना नसते, आणि प्रत्येक प्रकार डिझाइनकडून वेगळी मागणी करतो.

पहिला आणि आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचा प्रकार म्हणजे वीज जाणे. खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यांत पावसाळ्यात वीज जाते-येते हे काही नवीन नाही. वीज जाते तेव्हा पाण्याचा पंप, टॉवरचा पंखा, अॅजिटेटर आणि एअर कॉम्प्रेसर एकाच क्षणी थांबतात. कागदावर चार स्वतंत्र संरक्षणे दिसत असतात, पण त्यांचे मूळ एकच असल्याने ती एकत्र जातात. उकळी आली तर वरचा कंडेन्सर वाफ परत आणेल असे डिझाइनर गृहीत धरतो, पण कंडेन्सरलाही तेच टॉवरचे पाणी जाते. त्यामुळे वीज गेल्याच्या प्रसंगात कंडेन्सरला संरक्षण म्हणून मोजायचे असेल तर त्याला वेगळा पाणीपुरवठा लागतो.

दुसरा प्रकार म्हणजे अॅजिटेटर थांबणे. पंप चालू, पाणी चालू, तापमानही स्थिर दिसते. पण ढवळणे थांबल्याने आतील माल भिंतीपर्यंत उष्णता पोहोचवत नाही, आणि फॉरमॅलिन न मिसळता थर करून राहते. तापमानमापक ज्या जागी आहे तेवढ्याच भागाचे तापमान तो दाखवतो. कोणाच्या तरी लक्षात येते, अॅजिटेटर पुन्हा चालू केला जातो, आणि तो थर क्षणात मिसळून भडका उडतो. म्हणून अॅजिटेटरच्या मोटरचा करंट किंवा शाफ्टचा वेग घसरला की फीड आपोआप बंद झाले पाहिजे. केवळ स्टार्टरचा कॉन्टॅक्ट पाहणे पुरेसे नाही, कारण कपलिंग तुटले तरी मोटर फिरतच राहते. करंट पाहताना ‘खूप कमी’ या टोकालाही ट्रिप ठेवावी लागते ती याचसाठी.

तिसरा प्रकार सावकाश येतो. जॅकेटमध्ये क्षार बसतात, केटलच्या आतल्या भिंतीवर राळेचा थर चढतो, आणि उष्णता जाण्याची क्षमता महिन्यामहिन्याने उतरत जाते. कंट्रोलर ही उणीव व्हॉल्व्ह जास्त उघडून भरून काढतो, त्यामुळे केटलच्या तापमानाच्या आलेखावर काहीच दिसत नाही. ती दिसते व्हॉल्व्हच्या आलेखावर. गेल्या वर्षी फीडच्या मध्यावर 55 टक्के उघडणारा व्हॉल्व्ह आता 80 टक्के उघडत असेल, तर आपत्काळासाठी ठेवलेली जागा खर्च होऊन गेली आहे असे समजावे.

व्हॉल्व्ह अडकणे आणि सेन्सर तुटणे हे उरलेले प्रकार आहेत. त्यांचे उत्तर पुढील पायरीत येईल.

पाचवी पायरी : या प्रकारांवरून कंट्रोल आखणे

आधी फीडचा वेग ठरवू. बॅचची एकूण उष्णता 4,000 गुणिले 300, म्हणजे 1,200 मेगाज्यूल. तीन तासांत ती सरासरी 111 किलोवॉट होते. जॅकेटचे क्षेत्र 12 चौरस मीटर आणि उष्णतावहनाचा गुणांक 300 वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरला, तर एका अंशाच्या फरकाला 3.6 किलोवॉट जातात. टॉवरचे पाणी उन्हाळ्यात 30 अंशांचे आणि जॅकेटचे सरासरी तापमान 38 अंश धरल्यास फरक 47 अंशांचा मिळतो आणि जॅकेट जास्तीत जास्त 169 किलोवॉट काढू शकते. 111 च्या तुलनेत ही शिल्लक ठीक आहे. तेच फॉरमॅलिन एका तासात दिले तर 333 किलोवॉट निघतील, आणि ते कोणताही कंट्रोलर सांभाळू शकणार नाही. यावरून एक नियम निघतो : फीड जास्तीत जास्त किती जाऊ शकेल हे सॉफ्टवेअरवर सोडू नये. लाइनमध्ये ऑरिफिस प्लेट बसवून किंवा लहान क्षमतेचा डोसिंग पंप घेऊन, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी प्रवाह 150 किलोवॉटच्या हिशेबापलीकडे जाणार नाही अशी व्यवस्था करावी.

त्यानंतर व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला निकामी व्हावेत ते ठरवावे. हवा किंवा सिग्नल गेल्यावर गार पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा, वाफेचा बंद आणि फॉरमॅलिनचा बंद, अशी निवड करावी. एकाच कंट्रोलरने पाणी आणि वाफ दोन्ही चालवायचे असतील तर सिग्नल 0 टक्के म्हणजे पूर्ण गार, 50 टक्के म्हणजे दोन्ही बंद आणि 100 टक्के म्हणजे पूर्ण वाफ, अशी विभागणी ठेवावी. म्हणजे तार तुटली तरी केटल गारव्याकडे जाते. तापमानाचा पीटी-100 सेन्सर तुटल्यास ट्रान्समीटरने वरचे टोक दाखवावे असे सेट करावे, म्हणजे फीड आपोआप ट्रिप होते. फॉरमॅलिनच्या लाइनवर प्रवाह बंद करणारे दोन व्हॉल्व्ह एकामागे एक असावेत, कारण येथे एका व्हॉल्व्हच्या अडकण्यावर सगळे अवलंबून असते. फीडची टाकी केटलच्या वर असेल तर पंप बंद झाल्यावरही माल उताराने येत राहतो, हे येथेच आठवावे.

मुख्य कंट्रोल कॅस्केड पद्धतीचा असावा : बाहेरचा कंट्रोलर केटलचे तापमान पाहून जॅकेटला किती तापमान हवे ते ठरवतो, आणि आतला कंट्रोलर ते जॅकेटवर आणतो. यामुळे टॉवरच्या पाण्याचे तापमान बदलले तर ते केटलपर्यंत पोहोचण्याआधीच सावरले जाते. दोन बारकावे विसरू नयेत. जॅकेटच्या सेटपॉइंटला खालची मर्यादा घालावी, म्हणजे थंडीच्या रात्री केटल अतिगार होणार नाही. आणि माल 85 पर्यंत तापवत असताना इंटिग्रल साचू देऊ नये. तसे झाल्यास अभिक्रिया सुरू झाल्यावरही कंट्रोलर काही मिनिटे वाफेच्याच बाजूला अडून राहतो, आणि नेमक्या त्याच मिनिटांत केटल हातातून निसटते.

मला सर्वांत उपयोगी वाटणारी जोड वेगळीच आहे. पाण्याचा व्हॉल्व्ह 85 टक्क्यांवर गेला की दुसऱ्या कंट्रोलरने फीड हळूहळू कमी करायला लागावे. उष्णता काढण्याची क्षमता संपत आली आहे, तर उष्णता निर्माण करणेच कमी करणे हा सरळ मार्ग आहे, आणि जॅकेट चिकटले असेल किंवा टॉवरचा पंखा बंद पडला असेल तर ट्रिप होण्याआधीच बॅच आपोआप मंदावते.

तापमानाच्या आणि अॅजिटेटरच्या ट्रिप मात्र या कंट्रोलवर ठेवू नयेत. त्यांना स्वतंत्र सेन्सर, स्वतंत्र वायरिंग आणि स्वतंत्र लॉजिक लागते. ज्या ट्रान्समीटरने कंट्रोल चुकवला, त्याच ट्रान्समीटरने चूक पकडावी अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

सहावी पायरी : वीज गेल्यानंतरची मिनिटे

आता वीज गेली असे धरू. फीड बंद न होता पाणीच बंद झाले, तर 111 किलोवॉट 4,000 किलो मालात शिरून तापमान मिनिटाला साधारण 0.55 अंशाने वाढते. उकळीपर्यंतचे 15 अंश सुमारे 27 मिनिटांत संपतात, आणि अभिक्रिया वाढत जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून लवकर. फीड त्याच क्षणी बंद झाले तर एकूण चढ 10 अंशांचा, म्हणजे 120 मेगाज्यूलचा. येथे एक लहानसा चकवा आहे. गार फॉरमॅलिन स्वतः थोडी उष्णता शोषत असते. ते थांबले की तो गारवाही थांबतो, त्यामुळे ट्रिपनंतर लगेच तापमान किंचित चढलेले दिसले तर घाबरून जाऊ नये.

या 120 मेगाज्यूलसाठी उंचावरची पाण्याची टाकी पुरते. पाणी 30 वरून 60 अंशांपर्यंत तापले तर एक किलो पाणी सुमारे 125 किलोज्यूल नेते, म्हणजे जवळपास 1,000 लिटर पाणी लागते. पाणी पूर्ण तापत नाही हे धरून 4,000 लिटरची टाकी घ्यावी. सगळा माल एकदम भरलेला असता, तर 10,000 लिटर ठेवूनही ते पाणी वेळेत उष्णता ओढू शकले नसते. हे लहान आकडे फीडच्या शिस्तीमुळे मिळाले आहेत.

वीज पावसात दिवसातून अनेकदा क्षणभर जात असेल, तर टाकीचा व्हॉल्व्ह दर वेळी उघडून टाकी रिकामी होईल. आपल्याला मिनिटाला अर्ध्या अंशाहून थोडा जास्त एवढाच चढ माहीत असल्याने, यूपीएसवरील टायमरने व्हॉल्व्ह 60 सेकंद बंद धरून ठेवायला हरकत नाही. ही सवलत मात्र फीड बंद झाल्याची खूण मिळाली तरच द्यावी. जनरेटर लागला की त्यावर सर्वांत आधी अॅजिटेटर घ्यावा, कारण ढवळल्याशिवाय जॅकेटमधील पाणी निम्मेही काम करत नाही.

टी-टू लॅबोरेटरीज या जॅक्सनव्हिलच्या कारखान्यात 19 डिसेंबर 2007 रोजी स्फोट होऊन चार जण मेले. तेथील रसायन वेगळे होते, पण जॅकेटच्या पाण्याला पर्यायी पुरवठा नव्हता हे अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या चौकशीत ठळकपणे पुढे आले. उंचावरची टाकी ही त्या उणिवेवरची अगदी स्वस्त सोय आहे. ती असली तरी दाब फार वाढल्यास फुटून वाट मोकळी करणाऱ्या रप्चर डिस्कची गरज संपत नाही. डिस्कचा आकार मात्र वाफेबरोबर फेसाळ मालही बाहेर येईल असे धरून काढावा लागतो, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

सातवी पायरी : पाण्यावर चाचणी, आणि ट्रिपनंतर फीड केव्हा सुरू करावे

माल घेण्यापूर्वी केटल पाण्याने भरून 85 अंशांवर आणावी आणि मुख्य स्विच पाडावा. फीडचा व्हॉल्व्ह किती सेकंदांत बंद झाला, टाकीचे पाणी जॅकेटच्या दुसऱ्या टोकाला केव्हा पोहोचले, अॅजिटेटर जनरेटरवर केव्हा आला, याची घड्याळ लावून नोंद घ्यावी. याच वेळी 80 पासून 60 अंशांपर्यंत गार व्हायला लागलेला वेळ नोंदवून ठेवावा. दर सहा महिन्यांनी तोच प्रयोग केल्यास जॅकेट किती चिकटले ते कळते. सूचनेचा फलक मराठी आणि कन्नड दोन्हींत लावावा, कारण रात्रपाळीला पॅनेलसमोर कोण असेल हे आधी सांगता येत नाही.

बॅच चालू असताना साठा ओळखण्याची सोपी रीत अशी. जॅकेटमधून तासाला 10 घनमीटर पाणी जात असेल आणि आत-बाहेरच्या तापमानांत 9.5 अंशांचा फरक असेल, तर जॅकेट साधारण 110 किलोवॉट नेत आहे. फीड पूर्ण वेगाने चालू असताना हा फरक 5 अंशांवर घसरला, तर सुमारे 58 किलोवॉटच बाहेर पडत आहेत. फॉरमॅलिन तापवण्यात जाणारी उष्णता वजा करायची असल्याने हा आकडा सुरळीत झालेल्या जुन्या बॅचच्या आलेखाशी ताडावा. त्याच्यापेक्षा तो स्पष्टपणे कमी असेल तर बाकीची उष्णता केटलमध्ये साठ्याच्या रूपाने बसली आहे, आणि फीड थांबवावे.

ट्रिपनंतर केटलचे तापमान सेटपॉइंटवर आले म्हणून लगेच फीड सुरू करू नये. ढवळणे चालू ठेवून, वाफ न देता, जॅकेटच्या दोन्ही टोकांतील फरक जवळपास शून्यावर येईपर्यंत थांबावे. तेव्हाच आतला साठा संपला असे म्हणता येते. केटल 80 अंशांच्या खाली गेली असेल, तर वाफ देण्यापूर्वी किती फॉरमॅलिन आत गेले आणि किती उष्णता बाहेर आली यांची वजाबाकी करून, उरलेल्या साठ्याने तापमान कुठवर जाईल हे वरच्या सूत्राने काढावे. तो आकडा 100 च्या वर येत असेल तर वाफेचा व्हॉल्व्ह कुलूपबंद ठेवावा आणि पुढचा निर्णय शिफ्टमध्ये न घेता प्रोसेसच्या जबाबदार माणसाकडे सोपवावा.